मैफल थांबवायची कोणी?

कोजागरीची मैफल मोकळ्या मैदानावर घ्यायची ठरली की आयोजकांच्या पहिल्याच बैठकीत कोणीतरी हमखास विचारतं, "पाऊस आला तर?" त्यावर कोणीतरी तितक्याच हमखास म्हणतं, "छे हो, आता कसला पाऊस." आणि चर्चा पुढे सत्काराच्या शालींकडे वळते. खरं तर महाराष्ट्रातून मोसमी पाऊस माघारी फिरतो तोच मुळी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. त्या दिवसांत दुपारी उकाडा, चारनंतर पांढऱ्या ढगांचे डोंगर आणि संध्याकाळी विजांसह सर, हा क्रम ठरलेला असतो. आपल्या मैफलीची वेळही नेमकी तीच.

अशा कार्यक्रमाचा आपत्कालीन आराखडा म्हणजे जाडजूड फाइल नव्हे. माझ्या मते त्यात तीनच गोष्टी लागतात : कोणत्या क्षणी कृती करायची तो आकडा, ती कोणी करायची त्या माणसाचं नाव, आणि त्या वेळी माइकवरून बोलायचं वाक्य. या तिन्ही गोष्टी दुपारी शांत डोक्याने लिहून ठेवायच्या असतात, कारण रात्री पावणेनऊला राग ऐन रंगात आलेला असताना कोणाचंही डोकं शांत नसतं.

यातलं माणसाचं नाव ठरवणं सगळ्यात अवघड. १३ ऑगस्ट २०११ला अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत शुगरलँड या गायकजोडीचा खुल्या मैदानावर कार्यक्रम होता. वादळ येत असल्याचं आयोजकांना माहीत होतं. काही मिनिटं आधी माइकवरून सूचनाही झाली, पण तिचा सूर कार्यक्रम होईलच असा होता. मैदान रिकामं करायचं की नाही याचा खल चालू असतानाच वाऱ्याचा झोत आला, मंचावरचा तात्पुरता सांगाडा प्रेक्षकांवर कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. नंतरच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. सांगाडा अपेक्षित ताकदीचा नव्हता, आणि कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाचा हे स्पष्ट नव्हतं.

आपल्याकडे तर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि मुख्य प्रायोजक असे चार जण एकाच सोफ्यावर बसलेले असतात. त्यांच्यापैकी कोणालाही हा अधिकार देऊ नये. प्रायोजकांशी बोलणी करणारा, कलाकारांच्या सरबराईत असलेला किंवा मंचावर बसणारा माणूस इथे चालत नाही. आराखड्यात एक नाव आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरं नाव लिहावं. 'यांनी थांबवा म्हटलं की थांबायचं' हे वाक्य ध्वनिवाल्याला, मंडपवाल्याला, सूत्रसंचालकाला आणि कलाकाराच्या सचिवाला आधी वाचून दाखवावं. पुढे त्या माणसाला मी निर्णयप्रमुख म्हणेन.

आता एक नमुना घेऊ. साताऱ्यातल्या एका शाळेचं मैदान, १२०० खुर्च्या, साडेपाचला दरवाजे उघडणार, साडेसहाला सुरुवात. पहिल्या सत्रात गावातली तरुण गायिका, दुसऱ्यात बासरी, ८.२० ते ८.४० मसाला दूध, आणि मग ८.४०ला पुण्याहून येणाऱ्या बुजुर्ग गायकांचं गाणं. दहाला ध्वनिक्षेपक बंद. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवण्याची मुभा राज्य सरकारला आहे. कोजागरी त्या यादीत आहे की नाही हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावं. नसेल तर दहा म्हणजे दहा.

पावसाबद्दल पहिली गैरसमजूत असते ती पर्यायी सभागृहाची. "आला पाऊस तर हलवू आत." गावातल्या सभागृहात ६०० खुर्च्या असतील तर उरलेल्या ६०० माणसांना काय सांगणार? शिवाय ध्वनियंत्रणा उतरवून, ट्रकमध्ये भरून, दुसरीकडे मांडून तपासायला चार-पाच तास सहज जातात. म्हणजे सभागृहाचा पर्याय खरा असेल तर त्याचा निर्णय दुपारी बारापर्यंत व्हायला हवा. आमच्या नमुन्यात दुपारी एकची वेळही महत्त्वाची, कारण दीडला गायकांची गाडी पुण्यातून निघते. कार्यक्रम रद्द किंवा पुढे ढकलायचाच असेल तर ती गाडी निघण्याआधी कळवणं हे सौजन्यही आहे आणि पैशाचं गणितही. करार करतानाच दुसरी राखीव तारीख कलाकाराकडून लिहून घ्यावी. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारख्या मातब्बर सोहळ्यालाही २०१४च्या डिसेंबरात अवकाळी पावसामुळे माघार घ्यावी लागली होती. तो महोत्सव मग जानेवारी २०१५मध्ये झाला.

दुपारी बाराला काय पाहायचं? हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज पाहावा, पण त्यावर विसंबू नये. जिल्ह्याला पिवळा इशारा असला तरी महाबळेश्वरात पाऊस आणि साताऱ्यात चांदणं असं होऊ शकतं. अंदाजाइतकंच मैदानही बघावं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर बुटाची टाच जोरात दाबून पाहावी. खळग्यात पाणी साचलं तर संध्याकाळी १२०० माणसांच्या वर्दळीने तिथे चिखल होणार आणि खुर्च्यांचे पाय रुतणार. मुरूम टाकायचा असेल तर तो दुपारपर्यंतच. तीननंतर मात्र जिल्ह्याच्या अंदाजापेक्षा हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि रडारचं चित्र कामाचं. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' हे अॅप फोनवर ठेवावं. आपल्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत वीज कुठे पडते आहे ते त्यात दिसतं. हे काम एकाच स्वयंसेवकाला द्यावं आणि त्याला दुसरं काहीही सांगू नये. एरवी नेमका त्यालाच कोणीतरी पाण्याचे जार आणायला पाठवतं.

पाऊस, वारा आणि वीज हे तीन वेगळे धोके आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. नुसत्या भुरभुरीने मैफल थांबवायची गरज नसते. मंचावर छत असतं आणि रसिक डोक्यावर रुमाल घेऊन बसतात. तेव्हा जपायचं असतं ते वाद्यांना आणि विजेच्या जोडण्यांना. तबल्याची पुडी ओल धरली की स्वर उतरतो, हे कोजागरीच्या नुसत्या दवानेही होतं. ध्वनिमिश्रणाचं टेबल प्रेक्षकांच्या मधोमध असतं; त्यावर टाकायची ताडपत्री टेबलाखालीच घडी करून ठेवावी, मंडपवाल्याच्या टेम्पोत नव्हे. केबलचे जोड जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा लाकडी फळीवर उचलून घ्यावेत. मुख्य वीजपेटीला ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळतीरोधक स्विच आहे ना, हे दुपारीच त्यावरचं चाचणीचं बटण दाबून पाहावं. पावसात तो वारंवार पडू लागला तर कुठेतरी गळती आहे असं समजावं. अशा वेळी वैतागून तो स्विच वळसा घालून जोडणारे वायरमन मी पाहिले आहेत. असा वायरमन दिसला की तिथेच कार्यक्रम थांबवावा.

वाऱ्याचा धोका लोकांना दिसत नाही, कारण त्याचा सगळा जोर त्या प्रायोजकांच्या फ्लेक्सवर येतो. मंचामागे २० बाय १० फुटांचा फलक ताणून बांधला की ते झालं शिडाचं कापड. ताशी ४० किलोमीटरचा वारा त्यावर समोरून आला तर अंदाजे १४० किलोंचा रेटा बसतो. वारा ६०वर गेला तर रेटा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो, म्हणजे ३०० किलोंच्या वर. कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा सगळा भार मंचाच्या सांगाड्यावर जातो. आपला सांगाडा किती वाऱ्याला टिकेल हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावं. तो "काही होत नाही साहेब" म्हणाला तर ते उत्तर धरू नये. वारा मोजायचं हातातलं छोटं यंत्र मिळतं. ते मंचाच्या उंचीवर धरून मोजावं, कारण खुर्च्यांमध्ये वारा नेहमी कमीच लागतो. आमच्या नमुन्यात ताशी ३० किलोमीटरला फ्लेक्स उतरवायचा आणि ४०ला मंच व त्यासमोरच्या पहिल्या रांगा रिकाम्या करायच्या असं लिहिलं आहे. पुरवठादाराने याहून कमी आकडा दिला तर अर्थातच तो धरायचा. यंत्र नसेल तर झाडं पाहावीत : लहान झाडं बुंध्यासकट डोलू लागली की वारा तिशीत आहे, मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री धरवेना झाली की चाळिशी गाठली.

विजेच्या बाबतीत मात्र घासाघीस नाही. लखलखाट आणि गडगडाट यांच्यामध्ये तीन सेकंद गेले तर वीज साधारण एक किलोमीटरवर असते. हे अंतर ३० सेकंदांवर, म्हणजे दहा किलोमीटरवर आलं की मैदान रिकामं करायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत यायचं नाही. पाऊस पडत नसला तरीही. हा नियम जगभर मैदानी खेळांतही पाळला जातो.

पण रिकामं करायचं म्हणजे लोकांना पाठवायचं कुठे? झाडाखाली नाही, लोखंडी खांबांच्या मंडपात नाही. शाळेच्या पक्क्या इमारतीत. तिथे सगळं अडतं ते किल्लीवर. वर्गांच्या किल्ल्या शिपायाकडे आणि शिपाई साडेपाचलाच घरी, हे अनेक शाळांत होतं. तळमजल्याचे वर्ग आणि व्हरांडे कार्यक्रम चालू असेपर्यंत उघडे राहतील, दिवे लागतील, हे दुपारी स्वतः फिरून पाहावं. दुधाची कढई आणि शेगडी लोकांच्या वाटेवर तर नाही ना, हेही. ८० लिटर उकळत्या दुधाजवळून घाईने जाणारी हजार माणसं हा प्रकार कोणालाही नको.

आणि मैदानाबाहेरच्या लोकांना विसरू नये. २५ नोव्हेंबर २०२३ला कोची विद्यापीठाच्या खुल्या नाट्यगृहात गायिका निकिता गांधी यांचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. पाऊस आला तसे बाहेर थांबलेले लोक आसऱ्यासाठी आत घुसले. दरवाजा एक, त्यापुढे उतरत्या उभ्या पायऱ्या. त्या रेट्यात चार तरुण जीव गेले. म्हणून आमच्या नमुन्यात बाहेर रेंगाळणाऱ्या, तिकीट न मिळालेल्या लोकांसाठी शाळेच्या दुसऱ्या अंगाचा व्हरांडा राखून ठेवला आहे, आणि मैदान रिकामं करताना मुख्य दरवाज्याने कोणालाही आत सोडायचं नाही असं तिथल्या दोन स्वयंसेवकांना सांगितलं आहे.

माइकवरचं वाक्यही लिहूनच ठेवायचं. सूत्रसंचालक हुशार असले तरी त्या क्षणी अलंकारिक बोलतात. वाक्य असं : "मंडळी, वीज जवळ आल्यामुळे कार्यक्रम थांबवतो आहोत. डाव्या बाजूच्या रसिकांनी डावीकडच्या वर्गांत, उजव्या बाजूच्यांनी उजवीकडच्या वर्गांत सावकाश जावं. खुर्च्या तिथेच राहू द्या. पुढची सूचना ८.५५ला देऊ." यात कारण आहे, दिशा आहे आणि पुढची वेळ आहे. शेवटची वेळ फार कामाची, कारण ती कळली की लोक पार्किंगकडे धावत नाहीत.

आवाज गेल्यावर हे वाक्य बोलायचं कशावरून, हा प्रश्न अनेकांना आवाज गेल्यावरच पडतो. म्हणून बॅटरीवर चालणारा एक वेगळा भोंगा मंचाच्या कडेला, चार्ज केलेला, हवाच. ध्वनियंत्रणेचा पहिला पर्यायी भाग तोच.

गाण्याच्या मधेच आवाज गेला तर आधी मंचावरचे दिवे पाहावेत. ध्वनी आणि प्रकाश एकाच जनरेटरवर असतील आणि दोन्ही गेले असतील तर दोष जनरेटरमध्ये किंवा मुख्य पेटीत. दिवे आहेत आणि सगळा आवाज गेला, तर मिक्सर, त्याचा वीजपुरवठा किंवा मंचाकडे जाणारी मुख्य केबल. एकाच वाद्याचा आवाज गेला तर त्याचा माइक किंवा वायर. ती बदलायला अर्धं मिनिट लागतं आणि त्यासाठी गाणं थांबवायचं कारण नाही. सलग 'घुंई' येत असेल तर अर्थिंगची गडबड, शिट्टी येत असेल तर माइक आणि स्पीकर एकमेकांना ऐकत आहेत. एवढं निर्णयप्रमुखाला ओळखता आलं तरी तो ध्वनिवाल्याच्या डोक्यावर उभा राहून "काय झालं, काय झालं" करत नाही.

सगळ्यात वाईट बिघाड आवाज न जाता होतो, तो म्हणजे न्यूट्रल सुटणं. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रलची तार ढिली पडली की २३० व्होल्टवर चालणाऱ्या यंत्रांवर दाब खाली-वर होतो, आणि काहींच्या वाट्याला थेट ४००च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. काही दिवे भगभगून तेजाळतात, काही मंदावतात. हे दिसलं की तपासत बसायचं नाही, मुख्य स्विच पाडायचा. काही सेकंदांच्या उशिराने अॅम्प्लिफायर आणि मिक्सर जळतात, आणि मग त्या रात्री कोणताच पर्याय उरत नाही. म्हणून न्यूट्रलचे स्क्रू दुपारी घट्ट करून घेणं हे मला कोणत्याही महागड्या तयारीपेक्षा मोलाचं वाटतं.

नमुन्यात ध्वनीला एक जनरेटर आणि दिव्यांना दुसरा दिला आहे. डिझेल पाचच्या आत पूर्ण भरायचं, कारण चालू, तापलेल्या जनरेटरमध्ये डिझेल ओतणं म्हणजे आगीला आमंत्रण. डिजिटल मिक्सर आणि मंचावरची त्याची पेटी छोट्या यूपीएसवर असावी. वीज क्षणभर जरी गेली तरी असा मिक्सर पुन्हा सुरू व्हायला एक-दोन मिनिटं घेतो, आणि मंचावर एवढा काळ फार लांब वाटतो. दिव्यांच्या जनरेटरवर एक साधा जुना मिक्सर, दोन स्वयंचलित स्पीकर आणि दोन वायरचे माइक आधीच जोडून, तपासून ठेवायचे. एक माइक गायकाला, एक तबल्याला. त्यात गोडवा कमी असेल, पण शेवटच्या रांगेला शब्द कळतील.

आता समजा ८.५५ला, विलंबित चालू असताना आवाज गेला. ध्वनिवाला आधी अॅम्प्लिफायर बंद करतो. नाही तर वीज परत येताना स्पीकरमधून कानठळ्या बसवणारा धक्का येतो. सुरू करताना अॅम्प्लिफायर सर्वात शेवटी, बंद करताना सर्वात आधी, हा क्रम त्याला पाठच असतो, पण घाईत तो चुकतो, म्हणून पेटीवर चिकटवून ठेवलेला बरा. एका मिनिटात सूत्रसंचालक भोंग्यावरून सांगतात की आवाजाची दुरुस्ती चालू आहे, कृपया जागा सोडू नये. बुवांना मंचावरून उठवायचं नाही. तानपुरे चालू राहिले तर पुढच्या रांगा शांत राहतात आणि पुढच्या शांत राहिल्या की मागच्याही राहतात. तीन मिनिटांत दोष सापडला नाही तर शोध थांबवून पर्यायी मिक्सरवर यायचं. 'अजून एकच मिनिट' हे वाक्य इथे बाद. पर्यायी व्यवस्थाही चालेना तर दहा मिनिटांच्या आत मध्यंतर जाहीर करायचं. दूध मध्यंतरातच संपवू नये, उरलेली कढई मंद आचेवर ठेवावी, ती अशा वेळी उपयोगी पडते. आणि ९.२५पर्यंत आवाज आला नाही तर कार्यक्रम संपल्याचं जाहीर करायचं, कारण त्यानंतर पुन्हा स्वर लावून उरणाऱ्या वेळात गाणं होत नाही, नुसती भैरवी उरकली जाते.

वैद्यकीय तयारीचा विचार श्रोते कोण आहेत यावरून करावा. शास्त्रीय मैफलीचा श्रोता साठीच्या पुढचा असतो, साडेपाचलाच जागा धरायला येतो, मधुमेहाची गोळी घेतो आणि रात्रीचं जेवण दहानंतर करतो. म्हणजे आठच्या सुमारास साखर उतरण्याची शक्यता भरपूर. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं ही तिची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. दुसरा नेहमीचा प्रकार पडण्याचा : अंधारातली केबल, दवाने ओली झालेली पायरी. केबलवरून रबरी पट्टा टाकला आणि पायऱ्यांच्या कडेला पांढरा रंग मारला की यातलं बरंच टळतं.

पण आराखडा तपासला जातो तो हृदय बंद पडल्यावर. विजेचा झटका देणारं यंत्र, ज्याला एईडी म्हणतात, मिळायला एकेक मिनिट उशीर झाला की वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. १०८ची रुग्णवाहिका बोलवायचीच, पण ती गावाच्या दुसऱ्या टोकाहून येईपर्यंतची मिनिटं मैदानावरच्या लोकांनी सांभाळायची असतात. म्हणून एक डॉक्टर, दोन परिचारिका, ऑक्सिजन असलेली खासगी रुग्णवाहिका आणि भाड्याने किंवा एखाद्या रुग्णालयाकडून मागून आणलेलं एईडी, एवढी जमवाजमव करावी. रुग्णवाहिका मागच्या दरवाज्याशी, तोंड रस्त्याकडे करून उभी असावी आणि तिच्यापुढे कोणी दुचाकी लावणार नाही यासाठी एक माणूस शेवटपर्यंत तिथे हवा. ही जागा भरते ती कार्यक्रम सुरू झाल्यावर, उशिरा येणाऱ्यांच्या गाड्यांनी.

खुर्च्यांचे सहा भाग करून त्यांना अ ते ऊ अशी मोठी पाटी लावावी. 'ई, नववी रांग, डावीकडून' एवढं वॉकीटॉकीवर सांगितलं की डॉक्टर थेट तिथे पोचतात. 'तिकडे मागे, काकांच्या शेजारी' यात दोन मिनिटं जातात. मोबाइलवर विसंबू नये, गाण्याच्या आवाजात तो ऐकू येत नाही. स्वयंसेवक हाक मारून, खांदे हलवून पाहतो. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर तो दुसऱ्याला विजेरी उंच धरायला सांगतो आणि खुर्च्या बाजूला सारून रुग्णाला जमिनीवर सपाट निजवतो. मग छातीच्या मधोमध दाब : मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, एईडी येईपर्यंत अखंड. हे हातांनी करून पाहिलेले निदान सहा स्वयंसेवक हवेत. आठवडाभर आधी डॉक्टरांकडून तासाभराचं प्रात्यक्षिक करून घ्यावं. वीज पडून कोसळलेल्या माणसालाही हेच करायचं. त्याच्या अंगात वीज राहते आणि हात लावला तर आपल्याला झटका बसतो, हा समज खोटा आहे.

त्या वेळी गाणं चालू ठेवायचं का? यावर मतभेद आहेत. माझं मत स्पष्ट आहे : छातीवर दाब देणं चालू असेल तर गाणं थांबवावं, त्या भागातले दिवे लावावेत आणि "एका रसिकाला वैद्यकीय मदत चालू आहे, आपण जागेवरच बसावं" एवढंच सांगावं. डॉक्टरांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायला हवं, आणि बुवांना नंतर कळलं तर त्यांनाही ते आवडत नाही.

उशिरा येणाऱ्या कलाकारांचं गणित दहाच्या ठोक्यापासून उलटं मोजत यावं लागतं. दीडला पुण्यातून निघालेली गाडी सव्वाचारपर्यंत साताऱ्यात पोचावी, म्हणजे दरवाजे उघडण्याआधी आवाजाची चाचणी होते. "निघालो आहोत" या फोनला किंमत नाही. खुणेची ठिकाणं ठरवावीत. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला, खंबाटकी घाट उतरलो, आनेवाडीचा नाका आला, असे तीन निरोप गाडीतल्या तरुण शिष्याकडून घ्यावेत. घाट उतरल्यावर साताऱ्याला साधारण तासभर. पोचल्यावर हातपाय धुणं, चहा, वाद्यं लावणं यात अर्धा तास.

समजा घाटात कंटेनर उलटला आणि साडेसातला गाडी नुकतीच घाट उतरली. म्हणजे साडेआठला गावात, नऊला गाण्याची सुरुवात, हातात साठ मिनिटं. बासरीवाल्यांना आधीच विचारून ठेवलेलं असतं, ते आठ-वीसऐवजी ८.४०ला थांबतात, दूध त्यानंतर. हे श्रोत्यांना खरं कारण देऊन सांगावं. 'थोड्याच वेळात आगमन होत आहे' असं तीनदा ऐकल्यावर श्रोता चौथ्या वेळी घरी जातो. आठ वाजले आणि गाडी अजून घाटाच्या पलीकडेच असेल तर मात्र लवकरात लवकर साडेनऊची सुरुवात. २०-२५ मिनिटांसाठी बुवांना बसवायचं की राखीव तारखेला बोलवायचं, हे निर्णयप्रमुखाने त्यांना फोन करून विचारावं आणि जो निर्णय होईल तो ८.१०च्या आत माइकवर सांगावा. तिकिटं त्या तारखेला चालतील हेही त्याच वेळी.

साथीदार वेगळ्या गाडीने येतात, ही आणखी एक मेख. तबलजी अडकले तर गावातला वादक मिळेल, पण पट्टी जुळायला हवी. हाताशी असलेला तबला बुवांच्या पट्टीशी जुळत नसेल, तर तो असून नसल्यासारखा. आठवडाभर आधी पट्टी विचारून त्या स्वराचा तबला आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा गावातच तयार ठेवावा.

वेळ वाचवायचा सगळ्यात सोपा मार्ग मात्र कोणत्याच आराखड्यात धीटपणे लिहिलेला नसतो : सत्कार, मनोगतं आणि दीपप्रज्वलनाचा लांबलेला भाग कापणं. मान्यवरांना आधीच सांगून ठेवलं की उशीर झाला तर सत्कार मध्यंतरात मंचाखाली होईल, तर त्यांचा रुसवाही कमी होतो. २५ मिनिटं तरी सहज हातात येतात, म्हणजे एक पूर्ण राग.

हे सगळं एका पानावर बसतं. त्या पानाच्या प्रती निर्णयप्रमुख, सूत्रसंचालक, ध्वनिवाला, मंडपवाला, डॉक्टर आणि हवामान पाहणारा स्वयंसेवक यांच्या खिशात हव्यात, आणि चार वाजता या सहा जणांनी मंचाजवळ उभं राहून ते मोठ्याने वाचायला हवं. तुमच्या गावात यंदा मैदानावर मैफल असेल आणि तुम्ही मंडळाच्या बैठकीला जाणार असाल, तर कार्यक्रम थांबवायचं कोण ठरवणार एवढं विचारा आणि उत्तरात एकच नाव येईपर्यंत शालींच्या विषयाकडे वळू देऊ नका.